पंचाहत्तर रुपयांचं उत्तर

एका पेमेंट कंपनीच्या तक्रार कक्षात मी उत्तरं दुरुस्त करते. तक्रार घेणारी मुलं पहिला मसुदा लिहितात आणि ग्राहकाकडे जाण्याआधी तो माझ्यासमोर येतो. पैसे अडकले, दोनदा कापले गेले, चुकून भलत्यालाच गेले, अशी प्रकरणं मोठी असतात; पण त्यांची उत्तरं लिहायला तुलनेने सोपी. सगळ्यात वाईट लिहिलं जातं ते कॅशबॅक न आल्याचं उत्तर. रक्कम लहान असते, नियम बारीक असतात, आणि लिहिणाऱ्याला मनातून वाटत असतं की एवढ्याशा पैशांसाठी माणूस भांडतोय कशाला.

गेल्या दिवाळीतलं एक प्रकरण सांगते. ग्राहक न्हावा शेव्याच्या बंदरात कंटेनर नेणारा, स्वतःचा एकच ट्रेलर असलेला आणि तो स्वतःच चालवणारा. या लोकांना कॅशबॅक नवा नाही. फास्टॅग आला तेव्हा 2016-17 मध्ये टोलच्या रकमेवर 10 टक्के परत मिळत होते. पुढे दरवर्षी ते 7.5, 5 आणि 2019-20 मध्ये 2.5 टक्क्यांवर आले. म्हणजे टक्केवारी दरवर्षी घटते हे या माणसाला कुणी शिकवायची गरज नव्हती. त्याची तक्रार वेगळी होती: पैसे आलेच नाहीत.

आमची ऑफर अशी होती. दुकानाच्या क्यूआरवर किमान ₹500 दिले तर 10 टक्के परत, एका पेमेंटला जास्तीत जास्त ₹75, महिन्यातून तीनदा. इंधन वगळलेलं. कॅशबॅक 7 कामकाजाच्या दिवसांत बँक खात्यात जमा. वसुबारसेच्या दिवशी, शुक्रवारी 17 ऑक्टोबरला, एकाच फेरीत त्याने चार पेमेंट केली: करळ फाट्याजवळ टाकीत थोडं वरचं डिझेल ₹2,000, जासईला पंक्चर आणि ट्यूबचे ₹640, दुपारचं जेवण ₹480, आणि संध्याकाळी घरी जाताना उरणमध्ये किराणा ₹850. शनिवारी 25 तारखेला त्याने लिहिलं, “मॅडम, सात दिवस कालच झाले. चारही पेमेंटचा एक रुपया आला नाही.”

त्याला जाणार असलेला मसुदा असा होता: “प्रिय ग्राहक, आपल्याला झालेल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत. आपला व्यवहार ऑफरच्या अटी व शर्तींनुसार पात्र नसल्याचे आढळून आले आहे. पात्र व्यवहारांचा कॅशबॅक 7 कामकाजाच्या दिवसांत जमा केला जातो. आपल्या सहकार्याबद्दल धन्यवाद.”

यात खोटं काही नाही. पण व्यवहार चार असताना “आपला व्यवहार” म्हणजे कोणता? कोणती अट? आणि सात दिवस होऊन गेले असं सांगणाऱ्याला सात दिवसच पुन्हा ऐकवले आहेत. असं उत्तर गेलं की तोच माणूस दोन दिवसांनी परत लिहितो, या वेळी चढ्या आवाजात. आमच्याकडे दुसऱ्यांदा आलेल्या तक्रारी उघडून पाहिल्या, तर बहुतेकींच्या मुळाशी असंच पहिलं उत्तर सापडतं.

उत्तर दुरुस्त करण्याआधी मी व्यवहार स्वतः पाहते. सगळ्यात आधी पासबुक, कारण पुष्कळदा पैसे आलेले असतात. वेगळ्या नावाने, वेगळ्या दिवशी, आणि ग्राहक मूळ पेमेंटच्या खाली शोधत बसलेला असतो. इथे तसं नव्हतं. मग एकेक पेमेंट. जेवणाचं सोपं होतं, ₹500 ला वीस रुपये कमी. डिझेलचंही सोपं: प्रत्येक व्यापाऱ्याला त्याच्या धंद्याप्रमाणे चार आकडी क्रमांक दिलेला असतो आणि पेट्रोल पंपाचा 5541 असतो. तो दिसला की ऑफरची यंत्रणा पुढे बघतच नाही.

गंमत पंक्चरवाल्याची. दुकान खरं, काम खरं, पैसे ₹500 च्या वर. पण ट्रेलरवाल्याने क्यूआर स्कॅन न करता दुकानदाराच्या मोबाईल नंबरवर पैसे पाठवले होते. यूपीआयच्या लेखी ते एका माणसाने दुसऱ्या माणसाला दिलेले पैसे, जसे भावाला पाठवावेत तसे. क्यूआरच्या चौकटीत दडलेला मजकूर वाचला तर फरक उघड दिसतो:

```
upi://pay?pa=dukan@bank&pn=Tyre&mc=5532
upi://pay?pa=nav@bank&pn=Nav&mc=0000
```

पहिल्यात `mc` पुढे धंद्याचा क्रमांक आहे, इथे टायरच्या दुकानाचा. दुसरा खाजगी खात्याचा, तिथे चार शून्यं. मोबाईल नंबरवर थेट पाठवलेले पैसे या दुसऱ्या प्रकारात पडतात. रस्त्याकडेच्या कितीतरी दुकानांत क्यूआर भिंतीवर चिकटवलेला असतो, पण काळ्या हातांनी चाक फिरवणारा माणूस सांगतो, “नंबरवर टाका ना.” ग्राहकाच्या बाजूने पाहिलं तर त्याने दुकानात पैसे दिले, आणि तो बरोबरच बोलतोय. म्हणून उत्तरात “दुकानाचे पेमेंट नाही” असं लिहायचं नाही. पैसे नंबरवर गेले, एवढंच लिहायचं. ते त्याला आठवत असतं.

राहिला किराणा. तो पात्र होता. ₹850 चे 10 टक्के ₹85, मर्यादेमुळे ₹75. मग तो आला का नाही? कारण सात कामकाजाचे दिवस झालेच नव्हते. आमच्या सुट्ट्यांच्या यादीप्रमाणे मोजून पाहा. शनिवार 18 तिसरा शनिवार, तो धरायचा. रविवार सोडून सोमवार 20 हा दुसरा दिवस. 21 ला लक्ष्मीपूजन, 22 ला पाडवा, दोन्ही सुट्ट्या. गुरुवार 23 आणि शुक्रवार 24 हे तिसरा आणि चौथा. 25 हा महिन्याचा चौथा शनिवार, म्हणून बंद, 26 रविवार. सोमवार, मंगळवार, आणि बुधवारी 29 ला सातवा दिवस. कॅलेंडरवर बारा दिवस झाले. दिवाळीत ऑफर काढायची आणि मुदत कामकाजाच्या दिवसांत सांगायची, म्हणजे तक्रारींना आमंत्रणच. माझं म्हणणं सोपं आहे: मुदतीची मोजणी ग्राहकावर टाकू नये. आपण मोजावी आणि वार-तारीख लिहून टाकावी.

दुरुस्त केलेलं उत्तर असं गेलं:

“नमस्कार. तुमच्या चार पेमेंटपैकी एकावर कॅशबॅक लागू आहे. ₹75 बुधवार, 29 ऑक्टोबरपर्यंत तुमच्या बँक खात्यात जमा होतील. दिवाळीच्या सुट्ट्या, चौथा शनिवार आणि रविवार धरले नाहीत, म्हणून ही तारीख पुढे गेली.
किराणा ₹850: पात्र. एका पेमेंटला जास्तीत जास्त ₹75 मिळतात.
जेवण ₹480: ऑफर ₹500 पासून पुढे आहे.
पंक्चर ₹640: पैसे दुकानाच्या क्यूआरवर न जाता मोबाईल नंबरवर गेले. ऑफर फक्त क्यूआरवर आहे.
डिझेल ₹2,000: या ऑफरमध्ये इंधन धरलेलं नाही.
29 तारखेच्या रात्रीपर्यंत पैसे आले नाहीत तर याच मेसेजला उत्तर द्या, नवी तक्रार नोंदवू नका.”

आधी मिळणारी रक्कम आणि तारीख, मग नकार. हा क्रम सौजन्यासाठी नाही. गेटकडच्या रांगेत उभ्या गाडीत माणूस मोबाईल बघतो तेव्हा त्याला वरच्या दोन ओळी दिसतात. त्यात “गैरसोयीबद्दल दिलगीर” दिसलं की पुढचं न उघडताच तो समजतो, पैसे बुडाले. आणि चारही पेमेंटचं स्वतंत्र लिहायचं, कारण एखादं गाळलं की नेमकं त्याच्यावरच पुढचा प्रश्न येतो.

तक्रारीत त्याने आणखी एक मुद्दा घातला होता: रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे उशिराचे दिवसाला ₹100 द्या. हे आकडे हवेतले नाहीत. 20 सप्टेंबर 2019 च्या परिपत्रकात फसलेल्या व्यवहारांसाठी मुदती ठरवून दिल्या आहेत. यूपीआयने दुकानदाराला दिलेले पैसे खात्यातून गेले आणि त्याच्याकडे पोचल्याची खात्रीच झाली नाही, तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत ते परत यायला हवेत. त्यापुढे दिवसाला ₹100 भरपाई. पण त्याचं एकही पेमेंट फसलं नव्हतं, चौघांनाही पैसे मिळाले होते. कॅशबॅक म्हणजे अडकलेले पैसे नव्हेत, कंपनीने वेगळे कबूल केलेले पैसे. पहिल्या मसुद्यात या मुद्द्याचा उल्लेखच नव्हता. मी दोन वाक्यं जोडली: “दिवसाला ₹100 चा नियम खात्यातून गेलेले पण पोचलेच नाहीत अशा पैशांसाठी आहे. तुमची चारही पेमेंट पोचली आहेत.” माणूस नियम शोधून आणतो तेव्हा तो का लागू नाही हे सांगायलाच हवं, गप्प राहिलो तर त्याला वाटतं, आपण बरोबर बोट ठेवलं.

डिझेलपाशी मात्र माझा हात अडखळला. नियमात इंधन वगळलेलं होतं हे खरं, पण कुठे? ॲपमधलं चित्र मराठीत होतं: पणत्या, आकाशकंदील आणि ठळक अक्षरांत 10 टक्के परत. इंधनाची ओळ तळाशी, बारीक, आणि इंग्रजीत. फसव्या जाहिरातींबद्दल केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची 2022 ची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात की दावा ज्या भाषेत, अटही त्याच भाषेत हवी, आणि अक्षरही दाव्यासारखंच. उत्तर कितीही नीट लिहिलं तरी ही उणीव झाकली जात नाही, आणि झाकूही नये. मी ऑफर काढणाऱ्या विभागाला लिहिलं की डिझेलचेही ₹75 द्यावेत. त्यांनी पुढच्या चित्रात अट मराठीत आणि ठळक टाकायचं मान्य केलं, पैसे द्यायचं नाही.

मग उत्तरात आणखी एक परिच्छेद आला. वरिष्ठांना तो नको होता, मी आग्रह धरला: “डिझेलबद्दलचा निर्णय मान्य नसेल तर आमच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लिहा. तक्रार केल्यापासून 30 दिवसांत उत्तर मिळालं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, त्याला शुल्क नाही.” भीती अशी असते की वाट दाखवली तर सगळे त्याच वाटेने जातील. माझ्या पाहण्यात तसं होत नाही.

किराण्याचे पैसे मंगळवारी 28 तारखेला जमा झाले. त्याच संध्याकाळी त्याचा मेसेज आला: “मॅडम, आले. तीनदाची लिमिट आहे ना, त्यात जेवणाचे आणि पंक्चरचे पण धरले का?” नाही धरले, असं कळवलं, मोजणी फक्त पात्र पेमेंटची, ऑक्टोबरच्या अजून दोन शिल्लक आहेत. ऑफरच्या मजकुरात मात्र हे कुठेच लिहिलेलं नव्हतं.