फोल्डर आपला, पण फाइल कुणाची?

गेल्या फेब्रुवारीत आमच्या गटाच्या बैठकीत खर्चाची वही उघडली. त्यात गुगलच्या साठवणुकीच्या शंभर जीबी प्लॅनचे वर्षाचे तेराशे रुपये होते. निधी आटलेला होता. कुणीतरी म्हणाले, "सगळे पेनड्राइव्हवर घ्या आणि प्लॅन बंद करा, दहा मिनिटांचे काम आहे." मीही मान डोलावली. प्रत्यक्षात त्या कामाला तीन आठवडे लागले. ते दहा मिनिटांत उरकले असते, तर एकोणीस माणसांचा आवाज आम्ही गमावला असता.

त्या ड्राइव्हवर आठ वर्षांचे काम होते. वस्तीतल्या ज्येष्ठांच्या ११२ मुलाखती, जातीच्या दाखल्यांसाठी जमवलेल्या जुन्या कागदांचे फोटो, बैठकांची टिपणे, काही व्हिडिओ, असे सगळे मिळून ३८ जीबी. मुलाखत दिलेल्यांपैकी काही जण आज हयात नाहीत. त्यांचे बोलणे दुसरीकडे कुठेही नाही. त्यामुळे मला आधी एका प्रश्नाचे उत्तर हवे होते : "सगळे उतरवले" असे आपण कशावरून म्हणतो?

पहिली चूक माझीच. कार्यालयातल्या संगणकावर ड्राइव्ह एखाद्या साध्या फोल्डरसारखे दिसते. मी तो फोल्डर उचलून पेनड्राइव्हवर टाकला. नावे सगळी आली, मन निश्चिंत झाले. घरी इंटरनेट बंद होते. एक टिपण उघडायला गेलो, तर ब्राउझर उघडला आणि पान रिकामेच राहिले. पाहतो तर त्या फाइलच्या नावाच्या शेवटी `.gdoc` होते आणि तिचा आकार जेमतेम एक केबी. त्या फाइलीत मजकूर नसतो, असतो तो फक्त पत्ता. मजकूर गुगलकडेच राहतो. म्हणजे मी घरे नेली नव्हती, घरांचे क्रमांक तेवढे लिहून नेले होते. गुगल डॉक्स आणि शीट्समध्ये लिहिलेल्या प्रत्येक गोष्टीचे असेच होते. ही चूक पकडायची खूण सोपी आहे : वायफाय बंद करा आणि फाइल उघडा. उघडली तर ती तुमच्याकडे आहे.

मग योग्य रस्ता धरला. takeout.google.com वर गेलो, आधी "Deselect all" दाबले आणि फक्त ड्राइव्ह निवडले. इथे डॉक्सच्या फाइली वर्डच्या आणि शीट्सच्या एक्सेलच्या रूपात मिळतात. मजकूर येतो, पण फाइल कधी कशी बदलत गेली तो जुना इतिहास येत नाही. तो हवा असेल तर महत्त्वाच्या मसुद्यांच्या जुन्या आवृत्त्या आधीच वेगळ्या जपून ठेवाव्या लागतात. झिपच्या तुकड्यांचा आकार मी दोन जीबी ठेवला. पन्नास जीबीची एकच झिप घेतली आणि मध्येच लाइट गेली, तर सगळे पुन्हा पहिल्यापासून. लहान तुकड्यात फक्त तो एक तुकडा पुन्हा घ्यावा लागतो. संग्रह तयार झाल्याचा मेल यायला काही तास, कधी काही दिवस लागतात आणि ती लिंक साधारण एक आठवडाच चालते. म्हणून प्लॅनच्या शेवटच्या दिवसाची वाट पाहत बसू नये.

वीसेक झिप उतरल्या. सोडवताना विंडोज मध्येच अडले, कारण आमची फोल्डरे एकात एक अशी पाच-सहा खोल आणि नावे लांबलचक. विंडोजमध्ये फाइलचा पूर्ण पत्ता साधारण २६० अक्षरांपलीकडे गेला की अडचण येते. "वस्ती सर्वेक्षण मुलाखती ज्येष्ठ नागरिक" असली नावे आम्हीच दिली होती. डी ड्राइव्हवर एका अक्षराचे फोल्डर करून त्यात झिप सोडवल्या, तेव्हा पत्ता आखूड झाला आणि काम पुढे सरकले. अशा वेळी येणारा "Skip" हा पर्याय घाईत दाबू नये. तो दाबला की त्या फाइली गुपचूप गळतात.

आता मुख्य मुद्दा. आमच्याकडे मुलाखतींची हाताने लिहिलेली एक नोंदवही आहे. तिच्यात ११२ नावे. उतरवलेल्या फोल्डरमध्ये ध्वनिफिती मोजल्या, भरल्या ९३. एकोणीस कुठे गेल्या? ड्राइव्ह उघडून पाहिले, तर तिथे पूर्ण ११२ दिसत होत्या. त्या एकोणीस मुलाखती आमच्या एका जुन्या सहकारी ताईंनी घेतल्या होत्या. त्यांनी त्या आपल्या फोनवरून, आपल्या स्वतःच्या खात्यातून आमच्या फोल्डरमध्ये टाकल्या होत्या. फोल्डर गटाचा, पण त्या फाइलींची मालकी ताईंच्या खात्याची. आम्ही उतरवला होता तो आमच्या खात्याचा माल. ताईंनी उद्या आपले खाते बंद केले असते, तर आमच्या फोल्डरमधून त्या फाइली नाहीशा झाल्या असत्या आणि त्याला जबाबदार दुसरे कुणी नसते.

हे आधीच तपासता येते. ड्राइव्हच्या शोधपट्टीत मालकीचा पर्याय असतो. तिथे "Not owned by me" निवडले की दुसऱ्यांच्या मालकीच्या फाइली समोर येतात. आम्ही ते फोल्डर ब्राउझरमधून उजवी कळ दाबून थेट डाउनलोड केले. अशा वेळी मोठ्या फाइली कधी झिपच्या बाहेर, वेगळ्या उतरतात. त्यामुळे झिप आली म्हणजे सगळे आले असे नाही. दोन फाइलींना मालकाने डाउनलोडची परवानगीच दिलेली नव्हती. ताईंना फोन केला, त्यांनी त्याच रात्री परवानगी सुरू केली. आमच्यात संपर्क टिकून होता म्हणून हे निभावले.

त्यानंतर पुन्हा मोजणी. वही हातात घेऊन एकेक नाव वाचले आणि प्रत्येक ध्वनिफीत मधूनच थोडी वाजवली. सुरुवातच ऐकली तर अर्धवट उतरलेली फाइलही ठीकच वाटते. दोन फिती मध्यावर थांबल्या, त्या पुन्हा घेतल्या. सगळे जुळल्यावर दोन हार्डडिस्कवर प्रत केली. एक कार्यालयात, दुसरी एका सदस्याच्या घरी. दोन्हींना पासवर्ड आहे, कारण बोलणाऱ्यांनी ते आमच्या भरवशावर सांगितले आहे, गावभर वाटायला नाही.

मग प्लॅन रद्द केला. भरलेली मुदत संपेपर्यंत तो चालूच राहतो. पण त्यानंतर फुकटची मर्यादा १५ जीबी आणि तिच्यातच जीमेलही मोजले जाते. ३८ जीबी तसेच ठेवले असते, तर गटाच्या पत्त्यावर येणारे मेलच बंद पडले असते आणि दोन वर्षे मर्यादेबाहेर राहिल्यास गुगल मजकूर पुसू शकते. म्हणून मोठे व्हिडिओ काढून टाकले, पण डिस्कवरचे उघडून पाहिल्यानंतरच. पुसलेली फाइल कचरापेटीत तीस दिवस राहते आणि तोवर जागाही अडवते. ते तीस दिवस मी मुद्दाम पेटी रिकामी केली नाही. चूक सुधारायची तेवढीच सवड असते.

वाचले ते तेराशे रुपये. पण मला त्याहून मोलाची वाटते ती हाताने लिहिलेली नोंदवही. ती नसती तर ९३ हाच पूर्ण आकडा समजून आम्ही प्लॅन बंद केला असता. संगणक आपल्याकडे काय आहे ते सांगतो. काय असायला हवे होते ते आपणच लिहून ठेवावे लागते. आता नवी मुलाखत झाली की आधी वहीत नाव जाते आणि फाइल चढते ती गटाच्याच खात्यातून.