आतला पॅड, बाहेरचा पॅड



मे महिन्यात डोंबिवलीला घरी गेले तेव्हा बाबांच्या गाडीचा ब्रेक दाबला की पुढून बारीक "कुंईऽऽ" आवाज यायचा. बाबांनी विचारलं, "काय गं, इंजिनिअर?" मी ऐटीत म्हणाले, "बाबा, सेमी-मेटॅलिक पॅड आहेत. त्यात स्टीलचे तंतू असतात, म्हणून आवाज येतोच. सिरॅमिक टाका." बाबांचा माझ्यावर विश्वास, म्हणून ते तसेच चालवत राहिले.

आठवड्याने ठाण्याहून येताना मुंब्रा बायपासच्या उतारावर पुढे ट्रक थांबला. बाबांनी ब्रेक दाबला, तर गाडी उजवीकडे ओढली गेली. थोडक्यात वाचलो. कोणीच काही बोललं नाही.

दुसऱ्या दिवशी शीळ रोडच्या मिस्त्रीकाकांनी पुढचं डावं चाक काढलं. आतला पॅड जेमतेम २ मिलिमीटर, बाहेरचा ७! ते म्हणाले, "ताई, पॅडचा काही दोष नाही. पिन जाम आहे."

मग पुस्तकातलं चित्र डोक्यात हललं. आमच्या गाडीला फ्लोटिंग कॅलिपर आहे. पिस्टन फक्त आतल्या बाजूला. तो आतला पॅड डिस्कवर दाबतो आणि त्याच्या प्रतिक्रियेने अख्खा कॅलिपर दोन पिनांवर सरकून बाहेरचा पॅड ओढून आणतो. पिनच्या रबरी टोपीला चीर पडली, पावसाळ्याचं पाणी आत गेलं आणि पिन गंजली. कॅलिपर सरकेना, मग आतला पॅडच एकटा झिजत राहिला. डाव्या चाकाचा जोर कमी पडला, म्हणून गाडी उजवीकडे! आणि तो "कुंईऽऽ"? आतल्या पॅडला लावलेली पत्र्याची पट्टी. पॅड संपत आला की ती डिस्कला घासून ओरडते. ती इशारा देत होती आणि मी तिला मटेरियलचा स्वभाव म्हणत होते.

फिक्स्ड कॅलिपरला दोन्ही बाजूंना पिस्टन असतात, त्यामुळे सरकण्याची भानगडच नाही. पण तो महाग, आणि चाकाच्या बाहेरच्या बाजूलाही जागा खातो.

काकांनी पिना पॉलिश पेपरने घासल्या, नव्या टोप्या आणि सिलिकॉन ग्रीस लावलं. साधं ग्रीस लावलं तर रबर फुगतं. मी भीत भीत सिरॅमिकचं विचारलं. ते म्हणाले, "आवाज कमी, रिमवर काळी धूळही कमी. पण जाम पिनवर तेही असेच झिजले असते." सेमी-मेटॅलिक गरम झाल्यावरही चांगली पकड देतात, ऑरगॅनिक शांत पण लवकर झिजतात आणि लांब उतारावर तापून ढिले पडतात, हेही त्यांनीच सांगितलं. शेवटी पुढच्या दोन्ही चाकांना सेमी-मेटॅलिकच बसवले.

तेव्हा हॉस्टेलकरांनो, घरच्या गाडीचा ब्रेक ओरडला तर आधी चाक काढायला लावा. आतला पॅड बघा. ज्ञान नंतर पाजळा!