जुन्या साहेबांकडे काम मागताना

‘साहेब, काही काम असेल तर सांगा.’ नोकरी सोडून स्वतंत्रपणे काम करू लागलेला माणूस जुन्या वरिष्ठांना पहिला निरोप पाठवतो तो बहुधा हाच. शिरवळ किंवा खेड शिवापूरच्या कारखान्यांत काही वर्षे काढून आता भोर, नसरापूर, वेल्ह्यातून स्वतःच्या संगणकावर ड्रॉइंग किंवा हिशेबाची कामे करणाऱ्यांचेही तेच. ‘बघतो, सांगतो’ एवढे उत्तर येते, पुढे काही घडत नाही, आणि आपण हात पसरला अशी बोचणी मागे राहते. मग दुसरा निरोप जातच नाही. मला हे फार खटकते, कारण कसब चांगले असते, नातेही चांगले असते. बिघडते ते फक्त मागण्यात.

त्या एका वाक्याने समोरच्यावर किती काम पडते ते पाहा. या माणसाला नेमके काय येते हे त्याने आठवायचे, ते कोणाला लागेल हे शोधायचे, त्याच्याशी विषय काढायचा, दर आणि दिवस विचारले तर काहीतरी सांगायचे. सगळ्यात जड गोष्ट म्हणजे स्वतःचा शब्द टाकायचा. वेल्डिंग फिक्श्चरचेच घ्या. पत्र्याचे भाग जोडताना ते ठरल्या जागी घट्ट धरून ठेवणारी ही चौकट. तिच्या ड्रॉइंगमध्ये क्लॅम्प चुकीच्या बाजूला दाखवला, तर चौकट तयार होऊन लाइनवर आल्यावर कळते की वेल्डिंगची गन सांध्यापर्यंत पोचतच नाही. मग ती पुन्हा कापायची, पुन्हा जोडायची, आणि तोवर उत्पादन थांबलेले. तेव्हा ड्रॉइंग करणाऱ्याचे एक बिल बुडते. त्याचे नाव सुचवणाऱ्याला मात्र त्याच माणसांसमोर रोज उभे राहायचे असते. म्हणून ‘बघतो’ म्हणणाऱ्या साहेबाला मी माणुसकी सोडलेला म्हणणार नाही. त्याला जोखीम दिसते आणि ती मोजायला हाताशी काही नसते. उपकाराचे ओझे ‘कृपया’ किंवा ‘जमल्यास’ लिहून हलके होत नाही. ते हलके होते त्याचे कष्ट आणि त्याची जोखीम आपण आधीच उचलल्याने.

समजा, सात वर्षे फिक्श्चर डिझाइन केलेला कोणी आपल्या जुन्या इनचार्जना लिहितो आहे. त्याने असे लिहावे: ‘साहेब, नमस्कार. मी आता स्वतंत्रपणे वेल्डिंग फिक्श्चरची ड्रॉइंग करतो. पार्टचे मॉडेल मिळाल्यावर पहिला आराखडा चार दिवसांत, गन पोचते की नाही हे तपासून. तो मंजूर झाल्यावर डिटेल ड्रॉइंग आणि साहित्याची यादी सहा दिवसांत. ट्रायलला मी स्वतः येतो, ड्रॉइंगची चूक निघाली तर दुरुस्ती विनामोबदला. पुढच्या महिन्यात दोन कामे घेऊ शकेन. बाहेरून ड्रॉइंग करून घेणारे कोणी तुमच्या माहितीत असतील तर त्यांच्यासाठीचा मजकूर खाली वेगळा दिला आहे. नसतील तर काही हरकत नाही.’ खालचा मजकूर वेगळाच निरोप म्हणून जावा, म्हणजे साहेबांना तो एका बोटाने पुढे ढकलता येईल. त्यात ‘साहेब’ नको, जुन्या आठवणी नकोत. काम, मुदत, दर ठरवण्याची पद्धत आणि फोन नंबर, एवढेच. या निरोपात घरची अडचण, हप्ते, मुलांची फी यांना जागा नाही. अडचण वाचून माणूस फार तर मदत करतो. काम सुचवायला त्याला काम दिसावे लागते. उत्तरावरूनही पुष्कळ कळते. ‘नक्की सांगतो’ आले की विषय तिथे संपला असे धरावे. ‘रोबोट वेल्डिंगचे करता का?’, ‘दर काय लावता?’ असा उलट प्रश्न आला, तर त्याच्या डोळ्यांसमोर कोणीतरी गिऱ्हाईक आहे.

हा निरोप पाठवायचा कोणाला? आपली पहिली धाव जवळच्यांकडे असते. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रानोव्हेटर यांनी अमेरिकेतल्या बोस्टनजवळ, ओळखीतून नोकरी मिळालेल्यांना विचारले की सांगणारा माणूस तुम्हाला त्या काळात किती वेळा भेटत होता. १९७३ साली त्यांनी निष्कर्ष छापला: वारंवार भेटणारे सुमारे १७ टक्के, अधूनमधून भेटणारे ५६ टक्के, क्वचितच भेटणारे २८ टक्के. हा अभ्यास नोकऱ्यांचा आहे, तोही लहानसा आणि परक्या देशातला; पण त्यामागचे कारण इथेही लागू पडते. रोज भेटणाऱ्याला जे माहीत तेच आपल्यालाही माहीत असते. तीन वर्षांपूर्वी दुसऱ्या कारखान्यात गेलेला सहकारी मात्र आता वेगळ्या लोकांत बसतो. यावर कोणी म्हणेल, आमच्याकडे भावकी आणि गाववाले हेच बळ. मुंबईच्या डबेवाल्यांत पुण्याच्या मावळपट्ट्यातली पोरे गावच्याच ओळखीने लागली. खरे आहे. पण तिथे लागते ती सचोटी आणि चिकाटी, आणि तिची ग्वाही चुलता देऊ शकतो. क्लॅम्प कुठे बसवावा हे पुतण्याला कळते की नाही, याची ग्वाही तो देऊ शकत नाही. ती देईल शेजारच्या टेबलावर बसलेला माणूस, मग त्याच्याशी घरोबा नसला तरी चालेल.

दुसरा आक्षेप अधिक रास्त आहे: जुन्या कंपनीच्या ओळखी वापरणे ही बेइमानी नव्हे का? ओळख आपली असते, ड्रॉइंग कंपनीची. १८७२ च्या भारतीय करार कायद्याचे कलम २७ माणसाला त्याचा धंदा करण्यापासून अडवणारा करार सर्वसाधारणपणे रद्दबातल मानते, पण म्हणून जुन्या फाइली नमुना म्हणून दाखवायची मुभा मिळत नाही. तशी फाइल दिसली की चांगले गिऱ्हाईक ओळखते, उद्या आपलीही अशीच फिरेल. नमुन्यासाठी एखाद्या काल्पनिक ब्रॅकेटचे फिक्श्चर स्वतः काढावे. तसेच, नोकरीत असलेल्या साहेबाला कमिशन देऊ करू नये. त्याच्याच कंपनीचे काम असेल तर ती लाच ठरते आणि त्याची नोकरी धोक्यात येते. दुसऱ्याकडचे असेल तर त्याच्या शब्दाची किंमत संपते.

इतके करूनही थोडे देणे उरतेच, आणि ते उरावे असे मला वाटते. वर मी ओझे उचलण्याबद्दल बोललो, तरी कोणीतरी आपल्यासाठी नाव घेतले याची जाणीव पूर्ण पुसली गेली तर ते बरे नाही. ते देणे दरात सूट देऊन फेडू नये. ‘घरचाच माणूस’ म्हणून कमी दरात घेतलेले काम घाईत होते आणि शेवटी सुचवणाऱ्याचेच नाव खराब करते. काम मिळाले की सुचवणाऱ्याला एका ओळीने कळवावे, ट्रायल पार पडली की पुन्हा कळवावे, आणि काम नाकारले तर ते गिऱ्हाइकाआधी त्याला सांगावे. गिऱ्हाईक आपल्याऐवजी त्याला फोन करून ‘तुमचा माणूस कुठे आहे?’ विचारू लागले, तर तिथून पुढचे काम आले नाही याचे नवल वाटायला नको. पैसे अडकले तरी त्याला मध्ये घालू नये. उद्यम नोंदणी आधीच करून ठेवावी. २००६ च्या एमएसएमईडी कायद्याप्रमाणे नोंदणीकृत सूक्ष्म किंवा लघु पुरवठादाराचे बिल लेखी करार नसल्यास १५ दिवसांत आणि असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकते करावे लागते. वसुलीचा फोन ज्याने काम दिले त्याला करा, ज्याने नाव सुचवले त्याला नव्हे.