आधी डॉलर, मग रुपये

शिरोलीच्या एका फाउंड्रीचे हिशेब मी बरीच वर्षे लिहिते आहे. त्यांची कास्टिंग्ज परदेशी जातात, बिल डॉलरमध्ये निघते आणि पैसे दोन-तीन महिन्यांनी येतात. एका मे महिन्यात मालक बँकेचा कागद हातात घेऊनच ऑफिसात आले. फेब्रुवारीत दहा हजार डॉलरचे बिल केले होते. तेव्हा दर 83 रुपये होता, म्हणून विक्री 8,30,000 लिहिली. बँकेत जमा झाले 8,32,495. आणि माझ्या नफा-तोटा पत्रकात मात्र त्याच बिलापोटी परकीय चलनातला पाच हजारांचा तोटा दिसत होता.

“पैसे तर जास्तीच आल्यात की ओ मॅडम. मग ह्यो तोटा कुठनं काढला?”

प्रश्न अगदी रास्त होता. मी त्यांना खुर्चीत बसवले आणि त्या गिऱ्हाइकाचे खाते डॉलर आणि रुपये अशा दोन रकान्यांत उघडून दाखवले.

मधे 31 मार्च येऊन गेला होता. त्या दिवशी दर होता 84. डॉलरमधली येणे बाकी वर्षअखेरीस त्या दिवसाच्या दराने मांडायची, हे लेखा मानक 11 सांगते. म्हणून 8,30,000 ची बाकी 8,40,000 झाली आणि दहा हजारांचा नफा गेल्या वर्षात गेला. पैसा हातात आलेला नसतानाही तो लिहावा लागतो, त्यावर करही लागतो. मालकांना तेव्हाही ते पटले नव्हते, पण ताळेबंद त्या दिवसाचे चित्र असतो आणि त्या दिवशी ते येणे खरोखरच 8,40,000 चे होते. मे महिन्यात पैसे आले तेव्हा दर साडेत्र्याऐंशी होता. आता तुलना 83 शी करायची नाही, 84 शी करायची. डॉलरमागे पन्नास पैसे गेले, म्हणून या वर्षी पाच हजारांचा तोटा. दोन्ही वर्षे मिळून या बिलावर पाच हजारांचा नफाच आहे.

“मग बँकेत पाच हजार जास्ती पाहिजे होते. हे तर अडीच हजारच हायत.”

हिशेबात माणसे चुकतात ती नेमकी इथे. बँकेचा कागद मी पुन्हा पाहिला. आले होते 9,970 डॉलर. तीस डॉलर वाटेतल्या बँकेने कापून घेतले होते. साडेत्र्याऐंशीने त्याचे होतात 2,505 रुपये. ते दराच्या चढउताराने गेलेले नाहीत, ती बँकेची फी आहे आणि बँक चार्जेसच्याच खात्यात गेली पाहिजे. घाईत असलेला माणूस 8,40,000 च्या बाकीतून जमा रक्कम वजा करतो, उरलेले 7,505 विनिमय तोटा म्हणून टाकतो आणि खाते मिटवतो. बेरीज जुळते, पण फी आणि दर एकमेकांत मिसळून जातात. वर्षभरात किती डॉलर बँकांनी कापले हे मग कुणालाच सांगता येत नाही आणि पुढचा भाव ठरवताना मालक ती फी धरतही नाहीत.

म्हणून माझी रीत अशी की आधी डॉलरचा रकाना मिटवायचा. दहा हजारांपैकी 9,970 बँकेत, तीस चार्जेसला, बाकी शून्य. डॉलर शून्य झाल्यावर रुपयांच्या रकान्यात जे उरते तेवढाच विनिमयातला फरक. डॉलर शिल्लक असेल तर तिथे फरक काढायचाच नाही. ते डॉलर कोणी कापले की गिऱ्हाइकाने कमी पाठवले, हे आधी शोधायचे.

टॅलीत हे उघड दिसते. डॉलर मिटूनही रुपये लटकत असतील तर ताळेबंदात `Unadjusted Forex Gain/Loss` अशी ओळ येते. ती जर्नलने नफा-तोट्यात नेईपर्यंत तिथेच राहते. ही ओळ नकोशी वाटली म्हणून मूळ विक्रीच्या व्हाउचरमधला दरच बदलणारे लोक मी पाहिले आहेत. मार्चअखेरची नोंद केलेली नसेल, तर 83 चा साडेत्र्याऐंशी केला की ओळ नाहीशी होते. पण जीएसटीच्या विवरणात तेच बिल जुन्या रकमेने आधीच गेलेले असते आणि महिन्यांनंतर दोन्हींचा मेळ बसत नाही. शिवाय वरचे पन्नास पैसे ही विक्री नव्हतीच. माल फेब्रुवारीत 83 च्या दरानेच विकला, पुढचे सगळे उधारीच्या काळात घडले.

आगाऊ आलेल्या पैशांचे मात्र वेगळे आहे. त्यापोटी परत डॉलर द्यायचे नसतात, माल द्यायचा असतो. म्हणून ती रक्कम 31 मार्चला नव्या दराने मांडायची नाही.

मालकांनी माझ्याच पेन्सिलीने कागदावर तीन आकडे एकाखाली एक मांडले: 8,32,495, 2,505, 5,000. बेरीज केली. 8,40,000. मग म्हणाले, “त्या तीस डॉलरचं काय करायचं? पुढच्या ऑर्डरला फी त्यांच्याकडं लावूया का?”

नव्या ऑर्डरचा मसुदा टेबलावरच होता. बँकेची फी खरेदीदाराने भरावी, अशी ओळ आम्ही त्यात घातली.