शिक्का आहे की!

मास्तरकी पत्करलेल्या माणसाला छापील अक्षरावर विश्वास ठेवण्याची खोड जडते. मलाही ती आहे. म्हणूनच गेल्या श्रावणात दादर स्टेशनाबाहेरच्या फूटपाथवर मी एकशेवीस रुपयांचा मोबाइलचा चार्जर हातात घेतला, तेव्हा आधी चष्मा पुसला, त्याच्या पाठीवरचा बारीक मजकूर वाचला आणि मगच पाकिटाला हात घातला. मजकूर भरघोस होता. सीई होते, एफसीसी होते, चौकोनात बसवलेला दुसरा चौकोन होता, फुली मारलेली कचरापेटी होती, आणि आपल्या भारतीय मानक ब्यूरोचा शिक्काही होता.

"शिक्का खरा ना?" मी उगीचच विचारले.

"आहे की, सर! शिक्क्याचे वेगळे पैसे घेत नाही."

मी हसलो. खरे म्हणजे तेव्हाच शहाणे व्हायला हवे होते.

चार्जर माझ्या मुलीसाठी होता. ती पहिल्यांदाच घर सोडून वसतिगृहात राहायला चालली होती. चार दिवस तिने तो घरीच वापरला आणि एका रात्री म्हणाली, "बाबा, चार्जिंगला लावला की फोन चावतो." मी बोट लावून पाहिले. फोनच्या धातूच्या कडेवर मुंग्या आल्यासारखे होत होते. हिने स्वयंपाकघरातूनच हुकूम सोडला, "आधी काढा ते भिंतीतून!" चार्जर माझ्या टेबलावर आला, आणि कादंबरीचे प्रकरण बाजूला सारून मी पुन्हा एकदा, या वेळी अर्थ लावीत, त्याची पाठ वाचायला बसलो.

सीई हे युरोपचे चिन्ह. चार्जरसारख्या वस्तूवर ते बनवणारा स्वतःच लावतो. आपला माल तिथल्या कायद्याप्रमाणे आहे, असे तो स्वतःच्या तोंडाने सांगतो. बाहेरच्या कुणी परीक्षा घेतलीच पाहिजे, असे बंधन त्यात नाही. (याच दोन अक्षरांचा अर्थ 'चायना एक्स्पोर्ट' असा होतो, ही गोष्ट मी शिक्षकांच्या खोलीत मोठ्या ऐटीत सांगितली होती. असे काही चिन्हच नाही, हे नंतर कळले. सांगितलेले परत कसे घ्यावे हे अजून कळलेले नाही.) एफसीसी हे अमेरिकेचे, आणि त्याला काळजी आहे ती या डबीमुळे रेडिओत खरखर तर होत नाही ना, याची. रेडिओला मुळीच त्रास न देता माणसाला झटका देणारा चार्जर असू शकतो. कचरापेटी सांगते की मी मेल्यावर मला उकिरड्यावर टाकू नका. चौकोनातला चौकोन मात्र कामाचे बोलतो: आत विजेपासून संरक्षणाचे दुहेरी आवरण आहे, म्हणून अर्थिंगची तिसरी पिन नाही. पण तेही डबीचेच म्हणणे.

उरला आपला शिक्का. २०१२ च्या सरकारी आदेशाने विजेच्या कित्येक उपकरणांना नोंदणी सक्तीची होऊ लागली, त्यांत पुढे चार्जरही आले. या शिक्क्याच्या वर मानकाचा आकडा असतो, माझ्या डबीवर तो आयएस १३२५२ असा होता, आणि खाली 'आर' हे अक्षर व आठ आकडे. वायरच्या गुंडाळीवर आपण जो आयएसआयचा शिक्का पाहतो, त्याच्यामागे ब्यूरोची माणसे कारखान्यात जाऊन आलेली असतात. 'आर'ची रीत निराळी. कारखानदार नमुना मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पाठवतो. तिथे त्याच्या २३० व्होल्टच्या आणि ५ व्होल्टच्या बाजूंमध्ये तीन हजार व्होल्टचा दाब मिनिटभर देऊन मधली भिंत टिकते का पाहतात, आणखीही बऱ्याच परीक्षा घेतात, आणि त्या अहवालाच्या आधारावर कारखानदार माल मानकाप्रमाणे असल्याचे जाहीर करतो. मग क्रमांक मिळतो. तो एका कारखान्याचा, एका प्रकारच्या मालाचा असतो, आणि त्याच्या नोंदीत कोणती नाममुद्रा व कोणती मॉडेले हेही लिहिलेले असते.

ब्यूरोचे BIS Care नावाचे ॲप आहे. त्यात हा क्रमांक घालून पडताळता येतो. मुलीने ते उतरवून दिले आणि मी आठ आकडे टिपले. नोंद निघाली! क्रमांक खरा, नोंदणी चालू. मी विजयी मुद्रेने हिच्याकडे पाहिलेसुद्धा. परीक्षेतला उतावळा मुलगा पहिली ओळ वाचून पेपर ठेवतो, तसा मीही तिथेच थांबलो असतो. पण मुलगी खालच्या ओळी वाचू लागली. माल चार्जरचाच होता. मात्र नाममुद्रा दुसरीच होती, आणि डबीवर छापलेले मॉडेल तिथल्या यादीत कुठेच नव्हते. कुणाच्या तरी भल्या चार्जरवरचा क्रमांक उचलून या डबीच्या पाठीवर उमटवला होता. मग हिच्या फोनबरोबर आलेला चार्जर पडताळला. कारखाना, नाममुद्रा, मॉडेल, सारे अक्षरश: जुळले.

पण माझ्या मनात एक किडा शिरला. नक्कल करणाऱ्याने क्रमांकाबरोबर नाव आणि मॉडेलही उतरून घेतले असते तर? मग ॲपने 'जुळते' एवढेच सांगितले असते. न जुळणारा क्रमांक लबाडी उघडी पाडतो. जुळणारा क्रमांक इतकेच सांगतो की अशा मॉडेलचा एक नमुना केव्हातरी परीक्षेत पास झाला. माझ्या हातातली डबी त्याच कारखान्यातून आली, हे शिक्का सांगू शकत नाही. ते सांगायला बिल लागते, आणि बिल देणारा दुकानदार लागतो.

आमच्या खालच्या मजल्यावर अण्णा राहतात. आयुष्यभर त्यांनी रेडिओ-टीव्ही दुरुस्त केले. मुंग्यांचे ऐकून ते म्हणाले, "मास्तर, मुंग्या चांगल्या चार्जरलाही थोड्या येतात. तेवढ्यावरून फाशी देऊ नका." चांगल्या चार्जरमध्येही दोन बाजूंना जोडणारा एक चिमुकला कपॅसिटर असतो आणि त्यातून अगदी किरकोळ प्रवाह झिरपतो. प्रश्न असतो तो कपॅसिटर कोणत्या जातीचा आहे याचा. त्यांनी डबी फोडली. (हा उद्योग अण्णांनीच करावा, भिंतीतून काढल्यावरही आत वीज साठून राहते.) भिंतीची वीज आणि फोनची वीज यांच्यामध्ये पाटीवर सुमारे पाच मिलिमीटरांची मोकळी वाट हवी. इथे दोन्हीकडचे तांबे एकमेकांच्या इतके जवळ आले होते की मध्ये नखही मावले नसते. आणि कपॅसिटर साधा होता. या जागेसाठी जो करतात तो बिघडला तरी वाट बंद ठेवतो, असा बनवलेला असतो. साधा बिघडला की वाट मोकळी करतो. म्हणजे २३० व्होल्ट थेट फोनच्या धातूवर, आणि फोन पोरीच्या हातात, नाहीतर उशाशी.

अण्णांनी केबलही पाहिली. तिच्यावर व्हीडब्ल्यू-१ आणि ८० अंश असे छापले होते. ते वायरीच्या आवरणाबद्दल. ते आग पसरू देत नाही आणि किती उष्णता सोसते, एवढेच. टोकाच्या जोडावर त्याचा काही हक्क नाही, आणि केबल जळते ती बहुधा टोकालाच. "टोक गरम लागलं की फेकायची," अण्णा म्हणाले, "छापलेलं वाचत बसायचं नाही."

मुलीला बिल देणाऱ्या दुकानातून नवा चार्जर घेतला. ॲपमध्ये तिनेच तो पडताळला, आणि ती गेली. पुढे एकदा दादरला उतरलो, तेव्हा फोडलेली डबी खिशात घेऊन त्या फूटपाथवर गेलो. विक्रेत्याने ती उलटसुलट पाहिली, काही न बोलता एकशेवीस रुपये मोजून हातावर ठेवले, आणि ढिगातून दुसरी काढली.

"ही घ्या, सर. हिच्यावर दोन शिक्के जास्त आहेत."