औषध पोटात नव्हे, श्वासात

सांगलीच्या हळद बाजारात ज्यांचे आयुष्य गेले, त्या अण्णांना वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी दमा असल्याचे निदान झाले. पहाटे घशात शिट्टीसारखा आवाज येई, आणि मंदिराच्या पायऱ्या चढताना निम्म्यावर थांबावे लागे. छातीच्या डॉक्टरीणबाईंनी कोरड्या भुकटीचा इनहेलर दिला. हातात मावणारे, मुखनळी असलेले एक छोटे उपकरण आणि सोबत तीस कॅप्सूलची बाटली. सकाळी एक, रात्री एक.

अण्णा हिशेबाचे पक्के. दोन महिन्यांत चार बाटल्या, म्हणजे एकशे वीस कॅप्सूल झाल्या, एकही चुकली नाही. तरी पहाटेची शिट्टी तशीच राहिली. त्यात जिभेवर पांढरे चट्टे आले आणि आवाज बसला. "आता वयच झाले, औषध तरी किती करायचे?" असे म्हणून ते इनहेलर बंद करण्याच्या विचारात होते. सूनबाईंनी त्यांना आग्रहाने पुन्हा तपासणीस नेले.

डॉक्टरीणबाईंनी औषधाची मात्रा वाढवण्यासाठी लेखणी उचलली आणि पुन्हा खाली ठेवली. "अण्णा, आपण रोज कसे घेता, ते एकदा मला करून दाखवा," त्या म्हणाल्या.

अण्णांनी खिशातून प्लास्टिकची डबी काढली. आठवड्याच्या सात खणांत रक्तदाबाच्या गोळ्यांशेजारी इनहेलरच्या कॅप्सूल व्यवस्थित मांडलेल्या होत्या. त्यांनी मुखनळी उघडून कॅप्सूल आत ठेवली आणि नळी 'टक्' आवाज होईपर्यंत बंद केली. आतल्या सुयांनी कॅप्सूलला भोके पडली. मग उपकरण ओठांत धरून त्यांनी आधी त्यातच श्वास सोडला आणि नंतर प्राणायामात घ्यावा तसा अगदी सावकाश, शांत श्वास आत ओढला. लगेच तोंड उघडून म्हणाले, "झाले."

बाईंनी उपकरण उघडून ती कॅप्सूल कागदावर टिचकी मारून रिकामी केली. पांढऱ्या भुकटीचा छोटासा ढीग पडला. "अण्णा, आपले औषध हे इथे राहिले," त्या म्हणाल्या. दोन महिने अण्णांनी हिशेब चोख ठेवला होता, पण जमा मात्र भलत्याच खात्यात होत होती.

कंपनीचे माहितीपत्रक खोक्यात पहिल्या दिवसापासून होते. बारीक अक्षरांत त्यात सर्व कृती दिलेली होती. 'जोराने व खोल श्वास घ्या' हे वाक्य अण्णांनी वाचलेही होते. पण का, हे त्यात नव्हते. आयुष्यभर योगासने केलेल्या माणसाला सावकाश श्वासच श्रेष्ठ वाटणे स्वाभाविक होते. ते 'का' बाईंनी त्या दिवशी समजावून सांगितले.

दम्याच्या दुसऱ्या प्रकारच्या इनहेलरमध्ये, म्हणजे दाबल्यावर फवारा सोडणाऱ्या पंपात, औषध बाहेर ढकलण्यासाठी वायू भरलेला असतो. तेथे श्वास सावकाशच घ्यायचा असतो. कोरड्या भुकटीच्या उपकरणात असा कोणताही वायू नसतो. भुकटी ओढून घेणारी, फोडणारी आणि पोहोचवणारी शक्ती केवळ रुग्णाच्या श्वासाची असते.

फोडणारी असे म्हणण्याचे कारण आहे. अण्णांच्या कॅप्सूलमध्ये स्टेरॉइड औषध होते चारशे मायक्रोग्रॅम, म्हणजे एका ग्रॅमचा अडीच हजारावा भाग. एवढेसे औषध एकट्याने हाताळता येत नाही, म्हणून ते दुग्धशर्करेच्या जाडसर कणांवर चिकटवलेले असते. कॅप्सूलमध्ये दिसणारी बहुतेक भुकटी ही साखरच असते. औषधाचा कण पाच मायक्रॉनपेक्षा लहान, केसाच्या जाडीच्या दहाव्या भागाहूनही बारीक असला, तरच तो फुप्फुसाच्या बारीक नलिकांत उतरतो. वेगवान श्वासाने कॅप्सूल आत गरगर फिरते, भुकटी बाहेर पडते, हवेचा भोवरा होतो आणि औषधाचे कण साखरेपासून सुटतात. श्वास मंद असेल तर ते सुटत नाहीत. साखरेसह घशावर आपटतात आणि गिळले जातात. छातीला काही मिळत नाही, आणि घशाला मात्र नको असलेले स्टेरॉइड मिळते.

गरगर फिरणाऱ्या कॅप्सूलची ही कल्पना जुनी आहे. १९६० च्या दशकात इंग्लंडमध्ये डॉ. रॉजर अल्टून्यन यांनी 'स्पिनहेलर' हे उपकरण घडवले. ते स्वतः दम्याचे रुग्ण होते आणि पूर्वी वैमानिक होते. त्यांच्या उपकरणात कॅप्सूल विमानाच्या पंख्यासारखी फिरत असे, आणि तो पंखा फिरवणारा वारा रुग्णाच्याच छातीचा होता. अण्णांना ही गोष्ट फार आवडली.

मग बाईंनी त्यांची दुसरी चूक दाखवली. उपकरणात सोडलेला उच्छ्वास दमट असतो. त्या ओलाव्याने भुकटी गोळा होते, आणि एकदा गोळा झाली की कितीही जोराने ओढली तरी सुटत नाही. श्वास आधी पूर्ण बाहेर सोडायलाच हवा, कारण रिकाम्या छातीलाच मोठा श्वास घेता येतो. पण तो सोडताना उपकरण तोंडापासून दूर हवे. सांगलीच्या पावसाळी हवेत बाटलीतून काढून सात दिवस डबीत ठेवलेल्या कॅप्सूलचीही तीच अवस्था झाली होती. शिवाय रक्तदाबाच्या गोळ्यांबरोबर ती कॅप्सूल एखाद्या दिवशी पाण्याबरोबर गिळली जाण्याचा धोका होता, तो वेगळाच.

जिभेवरच्या चट्ट्यांचे कारण निघाले ते अण्णांच्या नियमात. स्टेरॉइडचा अंश तोंडात राहिला की तेथे बुरशी वाढते, म्हणून प्रत्येक वेळी चूळ भरून, गुळण्या करून पाणी थुंकून टाकायचे असते. अण्णा सूर्यास्तानंतर तोंडात पाण्याचा थेंब घेत नसत. इनहेलर मात्र रात्री नऊला घेत आणि तसेच झोपत. ही अडचण त्यांनी संकोचाने कधी सांगितली नव्हती. बाईंनी ती ऐकली आणि सहज म्हणाल्या, "मग नऊचा आग्रह कशाला? दोन वेळांत बारा तासांच्या आसपास अंतर असले की पुरे. सकाळी सहा आणि संध्याकाळी साडेपाच." इतक्या साध्या उत्तरासाठी दोन महिने गेले होते. उपवासाच्या दिवसांचे काय, हेही अण्णांनी नंतर डॉक्टर आणि महाराज या दोघांना आधीच विचारून घेतले आणि औषधाची मोकळीक ठेवूनच नियम घेतला. रोजचे औषध मनाने बंद करायचे नाही, हे त्यांनी मान्य केले होते.

एक शंका राहिली होती, ती त्यांनी निघताना विचारली. "बाई, ही कॅप्सूल कशाची असते?" काही कॅप्सूलचे कवच जिलेटिनचे, म्हणजे प्राणिजन्य असते, तर काहींचे वनस्पतीच्या तंतूपासून केलेले. कवच पोटात जात नाही, भुकटी ओढल्यावर ते फेकून द्यायचे असते. तरीही ज्याच्या मनाला ते रुचत नाही त्याने औषध सोडू नये, डॉक्टरांना सांगावे. वनस्पतिजन्य कवचाचा किंवा फवाऱ्याचा पर्याय पाहता येतो. मात्र दुकानात परस्पर बदल करू नये, कारण एका उपकरणाची कॅप्सूल दुसऱ्यात नीट चालेलच असे नसते.

घरी आल्यावर अण्णांनी जुन्या खतावणीचा एक कोरा कागद घेतला आणि मोठ्या अक्षरांत स्वतःचे माहितीपत्रक लिहिले. पहिल्यांदाच इनहेलर हाती घेणाऱ्याला पुरेल असे ते आहे:

१. हात कोरडे करावेत. घ्यायच्या वेळीच बाटलीतून एक कॅप्सूल काढावी आणि झाकण लगेच घट्ट लावावे. कॅप्सूल गिळायची नाही.

२. कॅप्सूल उपकरणात ठेवून मुखनळी 'टक्' आवाज होईपर्यंत बंद करावी.

३. ताठ बसावे किंवा उभे राहावे. तोंड बाजूला वळवून श्वास पूर्ण सोडावा. उपकरणात कधीही सोडू नये.

४. मुखनळी दातांमध्ये धरून ओठ घट्ट मिटावेत. सुरुवातीपासूनच जोराने आणि छाती भरेपर्यंत श्वास तोंडाने ओढावा. कॅप्सूलची घरघर ऐकू आली पाहिजे.

५. उपकरण बाजूला करून श्वास रोखावा. मनात घाई न करता एकदा णमोकार मंत्र म्हणावा, सुमारे दहा सेकंद होतात. मग सावकाश सोडावा.

६. उघडून पाहावे. कॅप्सूलमध्ये भुकटी उरली असेल तर त्याच कॅप्सूलने तिसऱ्यापासून पाचव्यापर्यंतची कृती पुन्हा करावी.

७. रिकामे कवच टाकावे, चूळ भरून थुंकावी. उपकरण कोरड्या फडक्याने पुसावे. धुतलेच तर पूर्ण वाळल्याशिवाय वापरू नये.

खाली त्यांनी तीन खुणा लिहिल्या: घरघर ऐकू येणे, जिभेला किंचित गोड लागणे आणि कॅप्सूल रिकामी होणे. घरघर नसेल तर कॅप्सूल अडकली आहे किंवा श्वास कमी पडला आहे. गोडी लागली नाही तरी कॅप्सूल रिकामी असेल तर औषध गेले असे समजावे, दुसरी घेऊ नये.

शेवटची ओळ लाल शाईत आहे. जोराने श्वास ओढण्याइतके बळच नसेल, तर हे उपकरण आपल्यासाठी नाही, डॉक्टरांकडून दुसरे मागावे. आणि दम्याचा मोठा झटका येऊन बोलणे तुटू लागले, तर डॉक्टरांनी त्यासाठी दिलेले तातडीचे औषध घ्यावे आणि वाट न पाहता दवाखाना गाठावा.

मात्रा वाढवावी लागली नाही. चट्टे औषधाने पंधरा दिवसांत गेले. सहा आठवड्यांनी अण्णा मंदिराच्या पायऱ्या न थांबता चढले. वर पोहोचल्यावर त्यांनी मागे वळून सूनबाईंकडे पाहिले, त्या अजून निम्म्यावर होत्या. आता तो खतावणीचा कागद घरच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेला आहे. बाजारातील दोघा-तिघांनी त्याच्या प्रती करून नेल्या आहेत. प्रत नेणाऱ्याला अण्णा एवढेच सांगतात, "वाचून झाले की पुढच्या तपासणीला डॉक्टरांसमोर एकदा करून दाखवा."