चार मीटरच्या आतली गाडी आणि अकरा फुटांची गल्ली

मंगळवेढा,
सोमवार

चि. श्रीकांत यास,


तुझा निरोप ताईने काल रात्री जेवताना वाचून दाखवला. "मामाला सांग, नेक्सॉन पसंत केली, टोकनही भरलं. चार मीटरच्या आतली आहे, म्हणजे छोटीच. आणि अण्णांची आठशे यायचीच की गल्लीत!" ताई खूश होती. मामाचा मात्र भाकरीचा घास हातातच राहिला. ओव्हरसियरचा भाचा तू, लहानपणी टेपचं दुसरं टोक धरून उभा राहायचास, आणि टोकन भरायच्या आधी टेप काढायचं तुला सुचू नये?

मालाला नावं ठेवण्याचा हेतू नाही. गाडी उत्तम आहे. पण "चार मीटरच्या आतली म्हणजे छोटी" हे वाक्य हल्ली ज्याच्या त्याच्या तोंडी असतं, आणि ते ऐकलं की मामाचं डोकं फिरतं. हे चार मीटर आले कुठून? २००६ च्या अर्थसंकल्पात लहान गाड्यांवरचा उत्पादन शुल्काचा दर कमी झाला आणि लहान गाडी कुठली, ते लांबीवर आणि इंजिनावर ठरलं. सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी अठरा टक्के झाला, त्यालाही अट तीच. रुंदीबद्दल त्यात चकार शब्द नाही. मग कंपन्यांनी काय करावं? लांबी चार मीटरला पाच मिलिमीटर कमी ठेवली आणि गाडी आडवी वाढवली. मारुती ८०० ची रुंदी १४४० मिलिमीटर होती. १९९९ मध्ये आलेली पहिली वॅगनआर १४७५ ची, आजची १६२० ची. तुझी नेक्सॉन १८०४ ची. म्हणजे अण्णांच्या गाडीपेक्षा चौदा इंच जास्त, तेही आरसे सोडून. माहितीपत्रकातल्या रुंदीत आरसे धरत नाहीत. दोन्ही आरसे उघडे असले की वीसेक सेंटिमीटर आणखी.

जपान्यांनी हे फार पूर्वी ओळखलं. त्यांच्या 'केई' गाड्यांच्या नियमात लांबी ३.४ मीटर आणि रुंदी १.४८ मीटर, दोन्हीला कुलूप घातलंय. शिवाय तिथल्या बहुतेक शहरांत गाडी उभी करायला जागा असल्याचा दाखला पोलिसांकडून आणल्याशिवाय मोठ्या गाडीची नोंदणीच होत नाही. आपल्याकडे तसा नियम आला तर निम्मं सोलापूर पायी चालेल. असो.

आता आपली गल्ली. अण्णांच्या वेळी ती मोकळी होती. नंतर शेजाऱ्यांनी पायऱ्या पुढे घेतल्या आणि समोर विजेचा खांब आला. ताईचं वाचून होताच मामा बॅटरी घेऊन बाहेर गेला. भिंत ते भिंत साडेबारा फूट भरते, पण पायरीपासून खांबापर्यंत अकराच. गाडीला ही अकराच कामाची. माप दोन उंचींवर घ्यायचं: एकदा जमिनीलगत, चाकांसाठी, आणि एकदा छातीएवढ्या उंचीवर, आरशांसाठी. पायरी चाकाला अडते आणि खांब आरशाला. ज्या रस्त्यावरून गल्लीत वळायचं तो तेरा फूट.

सरळ आत शिरायला अकरा फूट कुठल्याही गाडीला रग्गड आहेत. घोळ होतो काटकोनी वळणावर, आणि तिथेच लोक माहितीपत्रकातल्या 'टर्निंग रेडियस'वर फसतात. तो आकडा पुढच्या बाहेरच्या चाकाचा असतो. स्टिअरिंग पूर्ण फिरवून गाडी गोल नेली की ते चाक जमिनीवर जे वर्तुळ काढतं, त्याची ती त्रिज्या. (काही ठिकाणी पूर्ण वर्तुळाचा व्यास छापतात, तेव्हा ९.६ वाचून घाबरायचं नाही, निम्मं करायचं.) पण भिंतीला चाक लागत नाही, बंपरचा कोपरा लागतो, आणि तो चाकाच्याही पुढे असल्यामुळे आणखी चाळीस-पन्नास सेंटिमीटर बाहेरून फिरतो. आतल्या बाजूला मागचं चाक पुढच्याच्या मागोमाग जात नाही, ते कोपरा कापत आत येतं. म्हणून वळताना गाडीला तिच्या रुंदीपेक्षा कितीतरी जास्त पट्टा लागतो. वॅगनआर सव्वापाच फूट रुंद आहे, पण पूर्ण वळणात जवळजवळ नऊ फुटांचा पट्टा व्यापते.

मामाने रात्री कागद काढला. चाकांमधलं अंतर, रुंदी, टर्निंग रेडियस कंपन्यांचे घेतले, बंपर चाकाच्या किती पुढे येतो ते अंदाजाने धरलं, आणि प्रश्न एकच ठेवला: अकरा फुटांच्या गल्लीत एका दमात वळायचं तर बाहेरचा रस्ता किमान किती हवा? वॅगनआरचा रेडियस ४.७ मीटर, तिला साडेअकरा फुटांच्या आतबाहेर पुरतात. टाटा टियागोचा ४.९, तिला बारा. स्विफ्टचा ४.८, तिला साडेबारा. नेक्सॉनचा ५.१, तिला तेरा फूट पाच इंच. आणि रस्ता तेराच.

स्विफ्टकडे नीट बघ. तिचा रेडियस टियागोपेक्षा कमी, तरी रस्ता जास्त मागते. कारण टियागो १६७७ मिलिमीटर रुंद आणि स्विफ्ट १७३५. नुसता रेडियस बघणारा इथे गोत्यात येतो. रेडियस आणि रुंदी दोन्ही एकत्र धरल्याशिवाय आतल्या भिंतीचा हिशेब लागत नाही.

शिवाय ही कागदावरची किमान मापं आहेत. चालवणारा माणूस असतो, स्टिअरिंग नेमक्या जागी पूर्ण फिरवेलच असं नाही. दोन्ही अंगांना मिळून वीतभर तरी जागा मोकळी हवी. वॅगनआरला रस्त्यात दीड फूट उरतो, टियागोला फूटभर, स्विफ्टला पाच-सहा इंच. नेक्सॉन तेवढीच कमी पडते. येणारच नाही असं नाही, एकदा मागे घेऊन पुन्हा पुढे घ्यावी लागेल. पण कधी? सकाळी सातला, मागे दूधवाला आणि शाळेची रिक्षा उभी असताना. दर खेपेला.

गल्लीत राहणाऱ्यांच्या गाड्या बघ, ओरखडे सगळं सांगतात. मागच्या दारावर आणि मागच्या चाकाच्या कमानीवर खरचटलेलं असेल तर तो आतला कोपरा, वळण लवकर घेतलं. पुढच्या बंपरचं बाहेरचं टोक घासलेलं असेल तर बाहेरची भिंत, म्हणजे गाडीलाच जागा कमी आहे. पहिलं सवयीने सुटतं. दुसरं सुटत नाही. कॅमेऱ्याचं मला सांगू नकोस, मागच्या कॅमेऱ्यात पुढच्या बंपरचा कोपरा दिसत नाही.

सोलापूरच्या अपार्टमेंटमधली तुझी जागा तू अडीच मीटर सांगितलीस. ती नकाशावरची. गिलावा आणि पिलरलगतचा ड्रेनेजचा पाइप धरून मोकळी जागा २.३५ मीटर असल्याचं वास्तुशांतीच्या दिवशीच मामाने बघून ठेवलंय. (त्या दिवशी तू भटजींच्या मागे धावत होतास.) त्यात नेक्सॉन उभी केली की दोन्ही बाजूंचं मिळून ५५ सेंटिमीटर उरतं. डावीकडे दहा सोडून पिलरला चिकटवली तरी उजवीकडे दीड फूट. तेवढ्यात दार अर्धवट उघडून तू आडवा होऊन निघशील. ताई निघेल का? तिचा उजवा गुडघा वाकत नाही, पाय आधी बाहेर काढून मग हाताचा भार देऊन उठते. तिला दोन फूट हवेत. टियागोला त्याच हिशेबाने सत्तावन्न सेंटिमीटर मिळतात, वॅगनआरला त्रेसष्ट. गाडी नेहमी उलटी आत घे, म्हणजे वळतं पुढचं टोक मोकळ्या बाजूला राहील आणि शेवटचे चार इंच दुरुस्त करता येतील. ताईला मात्र आधी बाहेर उतरवूनच.

आता तू म्हणशील, मग मामा वॅगनआरच घ्या म्हणतात. गल्लीपुरतं बोलायचं तर हो. पण तुला दर शनिवारी सोलापूरहून पन्नास-पंचावन्न किलोमीटर हमरस्त्याने यायचंय, ऊस गाळपाच्या दिवसांत बिनदिव्याच्या ट्रॉल्यांमधून, आणि ग्लोबल एनकॅपच्या चाचणीत २०२३ मध्ये वॅगनआरला एकच तारा मिळाला. नेक्सॉनला २०१८ मध्येच पाच मिळाले होते. तू ती निवडलीस ती यासाठीच, हे मामाला कळतं, आणि त्याबद्दल कौतुकच आहे. टियागोला २०२० मध्ये, आजच्यापेक्षा सौम्य अशा जुन्या निकषांवर, चार मिळाले. एमजी कॉमेटचा विचारही केला, तिचा रेडियस ४.२, गल्लीत भिंगरीसारखी फिरेल, पण ताई, तू, सूनबाई, पोर आणि इथून न्यायचं ज्वारीचं पोतं, हे तिच्यात मावत नाही.

तेव्हा मामाचं मत टियागो. रात्री परत येताना पोराला झोप लागलेली असते, पाऊस असतो, गल्लीतले दिवे गेलेले असतात, समोरच्यांचा धाकटा अजून अंगणात खेळत असतो, आणि तू दमलेला. अशा वेळी मागे-पुढे करायची गाडी नको रे. मामाला झोप लागायची नाही.

टोकन परत मिळतं का, ते उद्याच विचार. आणि कागदावर विश्वास नसेल तर रविवारी कुणाची तरी टियागो घेऊन ये. आधी मोकळ्या मैदानावर खडूने बघू: स्टिअरिंग पूर्ण फिरवून हळू गोल न्यायची, पुढच्या बंपरच्या बाहेरच्या कोपऱ्याखाली आणि आतल्या मागच्या चाकालगत खुणा करायच्या, दोन्हींमधलं अंतर टेपने मोजायचं. मग गल्लीत आणायची, आरसे उघडे ठेवून, एका दमात. नेक्सॉनही आणता आली तर आण, दोन्ही शेजारी मोजू. सकाळी नवाच्या आत ये, नंतर रस्त्यावर भाजीवाले बसतात.

तुझा,
मामा